मदत हवी आहे: हिरा, ग्रॅफाइट, फुलरीन – तीन गुणांच्या उत्तरात रचना आणि गुणधर्म जोडायचे कसे?

सायलीची_आई
मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. सराव परीक्षेत प्रश्न होता: हिरा, ग्रॅफाइट व फुलरीन ही कार्बनचीच रूपे असूनही त्यांचे गुणधर्म वेगळे का, हे रचनेवरून थोडक्यात स्पष्ट करा. तिचं उत्तर जसंच्या तसं देते:

"हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार कार्बन अणूंशी जोडलेला असतो. हिरा कठीण व विजेचा दुर्वाहक असतो. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन अणू तीन कार्बन अणूंशी जोडलेला असतो. ग्रॅफाइट मऊ व विजेचे सुवाहक असते. फुलरीनमध्ये ६० कार्बन अणू चेंडूच्या आकारात असतात. ते टोल्यूइनमध्ये विरघळते."

तीनपैकी दीड गुण. समोर लाल पेनाने एकच शब्द: "कारण?" मी कॉमर्सवाली, माझ्याकडून काही होत नाहीये. शिवाय सायलीनेच शंका काढली आहे की फुलरीनमध्येही प्रत्येक कार्बन तिघांशीच जोडलेला असतो, मग ते ग्रॅफाइटसारखी वीज का वाहून नेत नाही? याचं उत्तर कोणी देईल का?

उदय_के
सोपं आहे हो. हिऱ्यातले बंध मजबूत म्हणून तो कठीण, ग्रॅफाइटमधले कमकुवत म्हणून ते मऊ. हिऱ्यात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून त्यातून वीज जात नाही आणि उष्णताही जात नाही. एवढं लिहिलं की तीन गुण.

निवृत्त_रसायन
उदय, इलेक्ट्रॉन आणि विजेचं बरोबर. बाकी दोन्ही गोष्टी लिहिल्या तर पोरीचा अर्धा गुण आणखी जाईल.

ग्रॅफाइटच्या एका थरातले बंध कमकुवत नाहीत, उलट हिऱ्यातल्या बंधांपेक्षाही पक्के आहेत. हिऱ्यात दोन शेजारी कार्बनमधलं अंतर ०.१५४ नॅनोमीटर, ग्रॅफाइटच्या थरात ०.१४२. सोनाराची मूस ग्रॅफाइटची असते ती उगाच नाही. सोनं १०६४ अंशांना वितळतं, मुशीला काही होत नाही. कमकुवत आहे ते दोन थरांमधलं आकर्षण. तिथलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे थरातल्या अंतराच्या दुपटीहून जास्त. म्हणून थर एकमेकांवरून सरकतात आणि पेन्सिल कागदावर उमटते. "बंध कमकुवत" आणि "थरांमधलं आकर्षण कमकुवत" ही दोन वाक्यं परीक्षक वेगळी वाचतो, आणि वाचायलाच हवीत.

उष्णतेचं तर उलटंच आहे. हिरा उष्णता तांब्याच्या कितीतरी पट चांगली वाहून नेतो. हलक्या अणूंची घट्ट, सलग जाळी असल्यामुळे अणूंची कंपनंच उष्णता पुढे नेतात, त्यासाठी मोकळे इलेक्ट्रॉन लागत नाहीत.

मृणाल७९
जरा वेगळं विचारते. लॅबमधल्या हिऱ्याची अंगठी घेतली आहे. नणंद म्हणते, तो खरा हिरा नाही, ग्रॅफाइटच दाबून केलेला असतो. पण सराफाच्या मशीनवर तर हिरा दाखवला. मग मशीन फसलं का?

निवृत्त_रसायन
मशीन फसलेलं नाही. ते पेनासारखं यंत्र खड्यातून उष्णता किती झटकन निघून जाते ते बघतं. लॅबमधल्या हिऱ्यातही प्रत्येक कार्बन चौघांशी जोडलेला असतो, म्हणून तो हिराच. आधी तो ग्रॅफाइट होता की मिथेन वायू, याने आता फरक पडत नाही. हे यंत्र फसतं ते मॉइसनाइटला. तो सिलिकॉन-कार्बनचा खडा आहे आणि उष्णता बरीच चांगली नेतो. मृणालताई, अंगठी बिनधास्त घाला.

आता सायलीची शंका. तिघांशी जोडलेल्या प्रत्येक कार्बनकडे एक इलेक्ट्रॉन उरतो, दोन्हीकडे. ग्रॅफाइटमध्ये थर सपाट आणि दूरवर पसरलेला असतो, म्हणून तो इलेक्ट्रॉन थरभर फिरतो. फुलरीनमध्ये तीच जाळी वळून बंद झाली आहे: २० षटकोन आणि १२ पंचकोन. इलेक्ट्रॉन त्या चेंडूपुरता मोकळा आहे, पण शेजारच्या चेंडूवर सहज जाऊ शकत नाही, कारण दोन चेंडूंमध्ये बंधच नाही. म्हणून वाहकता फारच कमी. दोन चेंडूंमधलं आकर्षण कमकुवत असल्यामुळेच टोल्यूइन त्यांना सुटं करतं आणि जांभळा द्राव मिळतो. हिरा विरघळवायचा तर हजारो बंध तोडावे लागतील, इथे एकही तोडावा लागत नाही. सायलीने टोल्यूइनचं वाक्य लिहिलं होतंच, त्याच्यापुढे "कारण" हवं होतं.

बंडू_वाइंडिंग
मी मोटारी भरतो. कार्बन ब्रश, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणारे ग्रॅफाइटचे तुकडे, रोज हातात असतात. मास्तर, थर सरकतात हे ठीक, पण मग एका पार्टीकडचे ब्रश दर महिन्याला का संपतात? व्हॅक्यूम चेंबरमधली मोटार आहे. तोच ब्रश बाहेरच्या मोटारीत आरामात चालतो.

निवृत्त_रसायन
बंडूभाऊ, पुस्तकातलं अर्धवट कारण उघडं पाडलंत! ग्रॅफाइट नुसत्या थरांमुळे गुळगुळीत नसतं, त्याला हवेतला ओलावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांमधले ब्रश भराभर झिजून भुकटी होत, कारण तिथली हवा विरळ आणि कोरडी. पाण्याची वाफ थरांच्या कडांवरचे उघडे बंध झाकते आणि ते समोरच्या पृष्ठभागाला चिकटत नाहीत, असं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. तुमच्या चेंबरमध्ये ती वाफच नाही. निर्वातासाठी वेगळे ब्रश मिळतात, मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले, ते मागवा.

उदय_के
म्हणजे "थर सरकतात म्हणून वंगण" हेही चूक? मग मुलांनी लिहायचं काय?

निवृत्त_रसायन
नववीत तेच लिहायचं. मऊपणाला ते कारण पुरेसं आहे. ओलाव्याचं इथे गप्पांसाठी.

सायलीची_आई
सगळ्यांचे आभार. सायलीने पुन्हा लिहिलंय, बघता का?

"हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार अणूंशी जोडलेला असून त्रिमितीय जाळी तयार होते. ती तोडण्यासाठी अनेक मजबूत बंध तोडावे लागतात, म्हणून हिरा कठीण असतो. चारही इलेक्ट्रॉन बंधात गुंतल्यामुळे तो विजेचा दुर्वाहक आहे. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणू तीन अणूंशी जोडलेला असून सपाट षटकोनी थर असतात. थरांमधील आकर्षण कमकुवत असल्याने ते घसरतात, म्हणून ग्रॅफाइट मऊ असते. उरलेला इलेक्ट्रॉन थरात फिरतो, म्हणून ते सुवाहक आहे. फुलरीनमध्ये ६० अणूंचे बंद गोल रेणू असतात. रेणूंमधील आकर्षण कमकुवत असल्याने ते टोल्यूइनमध्ये विरघळते."

निवृत्त_रसायन
तीनपैकी तीन. फक्त फुलरीनच्या वाक्यात "उदा. C₆₀" घाल. ७० कार्बनचाही असतो, C₇₀.

उदय_के
मी असतो तर अडीच दिले असते, आकृती नाही म्हणून.

सायलीची_आई
आकृतीचं शाळेत विचारते. सायली आता विचारतेय, ७० कार्बनच्या फुलरीनमध्ये पंचकोन किती?

निवृत्त_रसायन
तेही १२च. षटकोन मात्र २५. पंचकोन १२च का, ते तिला कागदावर कडा आणि कोपरे मोजून शोधू दे. अडली तर इथेच विचार म्हणावं.