अनुभव धागा: पैसे भरण्याआधी छुपे आकार कसे शोधता?

किराणा दहा-पंधरा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवर वस्तूंची बेरीज एक दिसते आणि भरायची रक्कम वेगळीच. फरक कुठे सापडतो, ते आकड्यांसकट लिहा.

मुळाक्षर: भरायच्या रकमेवर किंवा बिलाच्या ओळीवर बोट ठेवलं की तपशील उघडतो. समजा, वस्तू 142 रुपयांच्या. डिलिव्हरी 25, हँडलिंग 10, छोट्या ऑर्डरचे 20. झाले 197. आता मोफत डिलिव्हरी 199 पासून असेल आणि छोट्या ऑर्डरचा आकारही तिथेच सुटत असेल, तर 60 रुपयांचे पोहे टाकून बघा. वस्तू 202, हँडलिंग 10, एकूण 212. पंधराच रुपये जास्त गेले आणि पोहे घरात आले. हँडलिंग मात्र सहसा सुटत नाही. आणि पोहे लागणार असतील तरच हा हिशेब खरा.

झुळूक: कूपन लावल्यावर हेच बिल पुन्हा उघडा. काही ठिकाणी मोफत डिलिव्हरीची मर्यादा कूपन वजा करून मोजतात. 220 च्या वस्तूंवर 30 चं कूपन लावलं की 190 उरतात, आणि डिलिव्हरीचे 25 व छोट्या ऑर्डरचे 20 परत येतात. कूपन काढलं तर 15 रुपये वाचतात!

नाना_सातारा: एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. सरळ तक्रार करा.

मुळाक्षर: नाना, वस्तूपुरतं बरोबर आहे. घरपोच आणण्याचे पैसे वेगळे लावता येतात, फक्त ते आधी सांगायला हवेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत किंमत लपवून शेवटच्या पायरीला वाढवणं आणि न विचारता देणगी किंवा वस्तू टोपलीत घालणं, दोन्हींना मनाई आहे. म्हणून टिप आणि देणगीच्या चौकटीत आधीच खूण आहे का, ते बघाच. असेल तर वस्तूच्या पानाचा आणि बिलाचा स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करा.

तवा_गरम: हॉटेलच्या जेवणात पॅकिंग बघा. बरीच हॉटेलं ते नगावर लावतात. भाजी, डाळ, भात वेगळे मागवले तर 10 प्रमाणे 30, थाळी मागवली तर 10. पण थाळीत डाळ बेताची येते, तेही धरा.

कोकणकडा: माझा ड्रेस परत गेला, डिलिव्हरीचे पैसे आले नाहीत. ते कसे मिळवायचे?

झुळूक: तो परताव्याचा प्रश्न, इथे आपण आधीचं बोलतोय. तरी कपड्यांच्या साइटवर एक लक्षात ठेवा: कॅश ऑन डिलिव्हरी निवडल्यावरच तिचा आकार बिलात चढतो. म्हणून पैसे देण्याचा प्रकार निवडून झाल्यावर एकूण रक्कम पुन्हा वाचा.

तवा_गरम: पैसे भरल्यावर एखादी वस्तू संपली म्हणून त्यांनीच काढली आणि बेरीज मर्यादेखाली गेली, तर डिलिव्हरी लावतात का? कोणी नंतरचं बिल ताडून पाहिलंय?