५००० डॉलरचे रुपये किती?

घाईगर्दी: ५००० यूएस डॉलरचे रुपये किती होतील? लवकर सांगा.

ठाणेकर७: गूगलवर टाका, एका सेकंदात येईल.

खिडकी_क्र_३: गूगलचा आकडा मधला असतो, त्या भावाने बँक देतही नाही, घेतही नाही. कधीचे डॉलर, आणि विकायचेत की विकत घ्यायचेत?

बाबा_मेलबर्न: मुलाची फी भरायची असेल तर बँकेचा टीटी सेलिंग, म्हणजे बँक डॉलर विकते तो दर बघा. वर जीएसटीही लागतो. ८४ धरला तर ४,२०,००० झाले. जीएसटीसाठी सेवेचं मूल्य धरतात पहिल्या लाखाला १००० आणि उरलेल्या ३,२०,००० वर अर्धा टक्का म्हणजे १६००. या २६०० वर १८ टक्के, ४६८ रुपये. विमानतळावर मात्र बदलू नका.

घाईगर्दी: फी नाही हो. रिटर्न भरायचाय. अमेरिकन शेअर्सचा डिव्हिडंड, जून आणि सप्टेंबर २०२४ मिळून ५०००. तिकडे २५ टक्के कापून ३७५० जमा झाले.

ठाणेकर७: मग रिझर्व्ह बँकेचा रेफरन्स रेट. सरकारी काम, सरकारी दर.

खिडकी_क्र_३: नाही. आयकर नियम ११५ मध्ये स्टेट बँकेचा टीटी बाइंग, म्हणजे बँक डॉलर विकत घेते तो दर आहे, तोही डिव्हिडंड मिळाला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. जूनच्या रकमेला ३१ मे, सप्टेंबरच्या रकमेला ३१ ऑगस्ट. ३१ ऑगस्टला शनिवार होता. त्या दिवसाचं रेट कार्ड नसेल तर आदल्या दिवसाचं लावतात. म्हणजे तुम्हाला एक नाही, दोन दर लागणार.
उत्पन्न ३७५० नाही, पूर्ण ५००० दाखवा. कापलेल्या १२५० चं क्रेडिट फॉर्म ६७ भरून मिळतं. कर त्याच महिन्यांत कापलाय, त्यामुळे तिथेही हेच दोन दर.

रेवा_पुणे: रिटर्नमधलं परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफएपण भरा. तिथे आर्थिक वर्ष चालत नाही, जानेवारी ते डिसेंबर २०२४ धरायचं. अर्धे लोक इथेच चुकतात.

घाईगर्दी: जुना दर मिळणार कुठे? स्टेट बँकेच्या पानावर आजचाच दिसतोय.

खिडकी_क्र_३: तिथे तीच पीडीएफ रोज बदलते. जुन्या पीडीएफ जपून ठेवणारे लोक नेटवर आहेत, तिथून घ्या. उघडल्यावर वरची तारीख बघा आणि TT BUY चाच रकाना वाचा. जवळच BILL BUY असतो, घाईत तोच उचलला जातो.

बाबा_मेलबर्न: फॉरेक्स कार्ड घेतलं तर हा त्रासच नाही.

रेवा_पुणे: काका, त्यांचे पैसे येतायत, जात नाहीयेत.

घाईगर्दी: दोन दर, दोन पीडीएफ, एवढं कोण बघतंय? बाबांचा ८४ सोपा आहे. ४,२०,००० टाकतो.

बाबा_मेलबर्न: अहो, तो मी हिशोबापुरता धरला होता!

ठाणेकर७: रिझर्व्ह बँकेचा तरी टाका.