मदत हवी आहे: तीनदा विषम आकडा येणारं चक्र नाही, हे कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या कॉलनीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना मी गणित शिकवते. परवा त्यांना नियम दिला: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. ७ पासून निघालो: ७, २२, ११, ३४, १७, ५२, २६, १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १. पुढे ४, २, १ हेच फिरत राहतं. मग एका मुलीने विचारलं, "ताई, दुसरं चक्र असेलच ना कुठेतरी?"

सगळ्याच संख्यांसाठी याचं उत्तर कोणाकडे नाही, कोलाट्झचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण लहान चक्रं तपासता येतात. समजा चक्रात दोनच विषम संख्या आहेत. पहिली n, तिच्यानंतर a वेळा, एकूण k वेळा निम्मं केलं, तर

`n = (3 + 2^a) / (2^k - 9)`

n धन हवा म्हणून k किमान ४. k = ४ ला छेद ७, आणि a = २ घेतलं तरच पूर्णांक येतो, तो १. म्हणजे तेच जुनं चक्र, दोनदा फिरलेलं. k = ५ ला छेद २३, अंश जास्तीत जास्त १९, संपलंच. गंमत म्हणजे k = ३ ला छेद उणे १ होतो आणि −५, −१४, −७, −२०, −१० हे खरंखुरं चक्र मिळतं!

तीन विषम संख्यांसाठी छेद `2^k - 27` होतो आणि अंशात तीन पदं येतात. एकेक जोडी न तपासता, मुलांना समजेल असा छोटा युक्तिवाद कोणी सुचवेल का?