पाच वर्षांना साडेसहा, 444 दिवसांना सव्वासात?

सुलभा, फोंडा

मंडळी, नमस्कार. ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या ह्यांच्या निवृत्तीचे दहा लाख ठेवायला स्टेट बँकेत गेले होते. तेव्हा उतरवून घेतलेले दर वहीत अजून आहेत. ज्येष्ठांचं जादा व्याज सोडून एक ते दोन वर्षांना 6.80, दोन ते तीनला 7, तीन ते पाचला 6.75 आणि पाच वर्षांना 6.50. या सगळ्यांत 444 दिवसांना मात्र 7.25. आम्ही 444 दिवस घेतले. ऑक्टोबर 2025 मध्ये मुदत संपली, तेव्हा तीन वर्षांपुढे 6.30 च मिळाला. जास्त दिवस पैसे दिले तर जास्त व्याज मिळायला हवं ना? मी चुकले का?

रमाकांत, म्हापसा

ताई, हे दर रिझर्व्ह बँक ठरवते. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, खाली येणार असेल तर लांबच्या मुदतीला कमी देतात, एवढंच.

दत्ता, बहरीन

माझी एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईची, ठेव आहे. तिला एक वर्षाच्या आत मोडली तर काहीच व्याज मिळत नाही. त्यामुळे मी नेहमी पाच वर्षांचीच करतो. ताई, तुम्हीही तसंच करा.

विनायक, पणजी

दत्ता, तुझा नियम बरोबर आहे, पण ताईंचा प्रश्न वेगळा आहे. रमाकांत, तू अर्धा बरोबर आहेस. ठेवींचे दर बँका स्वतः ठरवतात. रेपोचा परिणाम होतो, पण तो आडवाटेने.

माझी शेवटची वर्षं बँकेच्या ट्रेझरीत गेली. तिथे दर अल्को ठरवते, म्हणजे मालमत्ता आणि देणी जुळवणारी समिती. तिच्यासमोर एक तक्ता असतो: कुठल्या महिन्यात किती कर्ज परत येणार आणि किती ठेवी बाहेर जाणार. ज्या रकान्यात पैसे कमी पडतात, त्या मुदतीचा दर वाढवतात. पाच वर्षं थांबल्याबद्दल बक्षीस म्हणून कोणी दर देत नाही.

आता दुसरी बाजू बघा. ऑक्टोबर 2019 पासून नवी घरकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक रेपोला, जोडलेली आहेत. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.50 वर आला, तशी ती कर्जं तीन महिन्यांच्या आत स्वस्त झाली. पण कोणी 2024 मध्ये पाच वर्षांची ठेव केली असेल तर तिचं व्याज बँकेला 2029 पर्यंत तेवढंच द्यायचं आहे. कपात येणार असं वाटत असताना बँक लांबचं पक्कं ओझं डोक्यावर का घेईल? 444 दिवसांचा जास्त दर त्यातून येतो. एक ते दोन वर्षांची पूर्ण पट्टी महाग न करता तेवढ्या एका खणात पैसे ओढता येतात.

आणखी एक गोष्ट, जी ग्राहकाला सहसा दिसत नाही. एक कोटीपर्यंतची ठेव बँकेला मुदतीआधी मोडू द्यावीच लागते, दंड अर्धा ते एक टक्का. त्यामुळे दर चढले की लांब मुदतीची ठेव पळते, उतरले की ठाण मांडून बसते. असा पाहुणा बँकेला महागात पडतो.

हे नेहमीचंच असतं असं मात्र नाही. 2021 मध्ये रेपो 4 वर असताना स्टेट बँकेतच एक वर्षाला 5 आणि पाच वर्षांना 5.40 होता. दर आता वरच जातील असं वाटलं की लांबच्या मुदतीला पुन्हा जास्त दर मिळतो.

ताई, ज्येष्ठांचं जादा व्याज सोडून तुमचा हिशेब केला. पाच वर्षांना 6.50 ने दहा लाखांचे सुमारे 13 लाख 80 हजार झाले असते. 444 दिवसांत तुमचे 10 लाख 91 हजार झाले. उरलेल्या पावणेचार वर्षांना 6.25 मिळाला तरी बरोबरी होते. तुम्हाला 6.30 मिळाला, म्हणजे दोन-अडीच हजार वरच. चुकला नाहीत, पण फार जिंकलाही नाहीत. दर आणखी अर्धा टक्का खाली असता तर पाच वर्षांचा पर्याय सरस ठरला असता. हे 2024 मध्ये कोणाला ठाऊक होतं?

सुलभा

विनायकभाऊ, आता पटलं. पण पैसे मुदत संपताच आपोआप नव्या ठेवीत गेले असते तर? काउंटरवर कोणी काही सांगितलंच नव्हतं.

विनायक

आपोआप नूतनीकरण झालं की 444 दिवसांची खास योजना असेल तर मिळेल, नसेल तर त्या दिवशीचा साधा दर लागतो. पावतीवरची तारीख बघून आधीच शाखेत जा.

रमाकांत

मग एक सांग. करबचतीची पाच वर्षांची ठेव तर मोडताच येत नाही. तिथे बँकेला पळून जाण्याची भीती नाही. तरी दर साध्या पाच वर्षांइतकाच का?

विनायक

चांगला प्रश्न. माझा अंदाज असा की लोक तिथे करासाठी येतात, दरासाठी नाही, म्हणून बँकेला वर काही द्यावं लागत नाही. पण अल्कोमध्ये यावर चर्चा झालेली मी तरी कधी ऐकली नाही. मडगावच्या कोणी अजून नोकरीत असलेल्यांनी सांगितलं तर बरं होईल.