मेकअपवर पुन्हा सनस्क्रीन: टिंटेड, स्टिक की स्प्रे? आपापले अनुभव लिहावेत

मृण्मयी_१२
काल माळ्यावरच्या खोक्यात भावाच्या लग्नाचा अल्बम सापडला. गुहागरला भर दुपारी अंगणात हळद झाली होती आणि सनस्क्रीनचा जाड थर लावून मिरवणारी मी फ्लॅशच्या प्रत्येक फोटोत राखेत तोंड बुडवल्यासारखी दिसते आहे. त्यानंतर मी सनस्क्रीनच सोडले. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी टिंटेड सनस्क्रीन सुचवले. सकाळचे लावणे जमते. पण मी औषध कंपनीत फिरतीवर असते, एक वाजता पुन्हा उन्हात निघावे लागते आणि तेव्हा चेहऱ्यावर फाउंडेशन असते. त्यावर दुसरा थर तुम्ही कसा लावता, आणि स्टिक किंवा स्प्रेने खरोखर भागते का, हे वाचायला आवडेल.

सुगंधा_मेकअप
मी सतरा वर्षे नवऱ्या सजवते आहे आणि मे महिन्यातली लग्ने कधी नाकारलेली नाहीत, तेव्हा थोडे सविस्तर लिहिते. आधी घाम टिपून घ्यावा. टिशू चेहऱ्यावर दाबून उचलायचा, पुसायचे नाही. घामावर सनस्क्रीन लावले की ते तरंगते आणि त्याबरोबर फाउंडेशनही सुटते. मग क्रीम हाताच्या पालथ्या बाजूवर काढून किंचित ओलसर स्पंजने थोडे थोडे दाबत लावावे. कपाळ झाले की एक गाल, मग दुसरा, आणि नाक व वरचा ओठ शेवटी, कारण तिथला मेकअप सर्वांत आधी फाटतो. एक फेरी झाल्यावर दोन मिनिटे थांबून दुसरी फेरी करावी. एकदम सगळे लावले तर मळासारख्या वळ्या निघतात, विशेषतः खाली सिलिकॉनचे फाउंडेशन आणि वर पाण्यासारखे जेल असेल तर. पावडर हवी असल्यास अगदी शेवटी आणि चकाकेल तेवढ्याच जागी.

स्टिक थेट फाउंडेशनवर ओढू नये, पट्टे उमटतात. ती आधी स्पंजवर घासून घ्यावी.

केतकी_नाशिक
मृण्मयीताई, मला यातले काही लागत नाही, कारण माझ्या सनस्क्रीनचा एसपीएफ पन्नास आहे आणि फाउंडेशनचा तीस, म्हणजे ऐंशी झाला. शिवाय मी दिवसभर काचेच्या खिडकीशी बसते आणि आजवर कधी भाजलेले नाही.

सुगंधा_मेकअप
केतकी, एसपीएफची अशी बेरीज होत नाही. डब्यावरचा आकडा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर देऊन मोजतात आणि तेवढे फाउंडेशन थापले तर तो मुखवटा होईल. काचेचे तुझे म्हणणे अर्धे खरे आहे. भाजणारी यूव्हीबी किरणे साधी काच बरीचशी अडवते, म्हणून भाजत नाही, पण यूव्हीए आणि दिसणारा प्रकाश आत येतातच. वांगाला तेवढे पुरते.

सराफकट्टा
आमच्या यजमानांचे सराफी दुकान आहे, त्यामुळे या धाग्याच्या निमित्ताने मी माझी पंधरा ग्रॅमची स्टिक सरळ काट्यावर ठेवली. संपूर्ण चेहऱ्यावरून एकदा फिरवल्यावर तिचे वजन ०.१७ ग्रॅमने घटले. तीच प्रत्येक जागी चार वेळा फिरवली तेव्हा ०.७ ग्रॅमच्या आसपास गेले. दोन मिलिग्रॅमचा हिशेब धरला तर चेहऱ्याला साधारण एक ग्रॅम तरी हवे, म्हणजे चार फेऱ्यांनीही थोडी उणीव राहतेच. आता उलट गणित करा. पूर्ण मापाने वापरली तर पंधरा ग्रॅमची स्टिक पंधरा वेळांत संपायला हवी आणि माझी गेल्या दिवाळीपासून चालू आहे! मी आजवर चेहऱ्यावर काय फिरवत होते, असा प्रश्न पडला.

भटक्या_दादा
माझ्या डोक्यावर केस उरलेले नाहीत आणि दर रविवारी मी क्रिकेट सामन्यांना पंच म्हणून उभा असतो. टकलासाठी स्टिक उत्तम, कारण क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबते. धागा मेकअपचा आहे हे अर्धा प्रतिसाद लिहून झाल्यावर लक्षात आले, तरी असू द्या. स्प्रेची मात्र तक्रार आहे. मैदानावरच्या वाऱ्यात निम्मा फवारा शेजाऱ्याच्या अंगावर गेला आणि माझ्या दंडावर दुसऱ्या दिवशी ठिपकेदार भाजल्याच्या खुणा होत्या.

वसुधा_काकू
दादा, स्प्रे ओला दिसेपर्यंत मारायचा आणि मग हाताने पसरवायचा असतो. चेहऱ्यावर तर थेट मारूच नये, श्वासातून आत जातो. तळहातावर घेऊन लावावा. आणि पुढचे सर्वांनी लक्षात ठेवावे. प्रेशरच्या डब्यातला स्प्रे ज्वलनशील असतो. पुतणीच्या साखरपुड्यात तिच्या मैत्रिणीने औक्षणाच्या तबकाशेजारी उभे राहून मानेवर स्प्रे मारला, तेव्हा मी निरांजन अक्षरशः हिसकावून बाजूला नेले. लावून वाळेपर्यंत ज्योतीजवळ किंवा गॅसजवळ जाऊ नये.

स्कार्फवाली_पुणेकर
टिंट स्कार्फला लागतो त्याचे काय करता? माझे सगळे पांढरे स्कार्फ विटकरी झाले आहेत.

वसुधा_काकू
गडद स्कार्फ घे. स्कार्फ घासून थर पुसला जातोच, म्हणून तो सोडल्यावर पुन्हा लावणे अधिक गरजेचे आहे.

केतकी_नाशिक
बरे, बेरीज मागे घेते. पण टिंट म्हणजे शेवटी रंगच ना? मग माझ्या साध्या सनस्क्रीनवर फाउंडेशन असताना वेगळे टिंटेड कशाला घ्यायचे?

सुगंधा_मेकअप
प्रश्न चांगला आहे. टिंटेडमधला तपकिरी रंग आयर्न ऑक्साइडचा असतो आणि दिसणारा प्रकाश, त्यातही निळा-जांभळा भाग, तोच अडवतो. साधे पारदर्शक सनस्क्रीन हे काम जवळजवळ करत नाही. डब्यामागे सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे क्रमांक दिसले की तो त्यात आहे असे समजावे. तेच ऑक्साइड फाउंडेशनमध्येही असतात, म्हणून त्वचा पूर्ण झाकणारे फाउंडेशन टिकून असेल तर दुपारी वरून पारदर्शक स्टिक चालू शकते. मात्र नाकावरचे आणि वरच्या ओठावरचे फाउंडेशन उडाले असेल तर तिथे टिंटेडच दाबावे. नुसती गुलाबीसर झाक असलेल्या टिंटेडमध्ये हा ऑक्साइड किती पडतो याबद्दल मला शंका वाटते.

सराफकट्टा
शिवाय एकच छटा सर्वांना कशी जुळणार? माझ्या सावळ्या रंगावर ती केशरी दिसते आणि माझ्या जावेवर मातकट.

मृण्मयी_१२
सुगंधाताई, आज करून पाहिले. एका रुग्णालयाच्या प्रसाधनगृहात घाम टिपला, टिंटेड क्रीम स्पंजने दोन फेऱ्यांत लावले आणि एकूण सात मिनिटे लागली. गालांवर छान बसले. नाकाच्या कडेला वळ्या निघाल्या, कारण तिथे सकाळची पावडर जाड होती. उद्यापासून सकाळी नाकावर पावडर लावणार नाही. स्पंजने किती क्रीम शोषून घेतले ते मात्र कळत नाही. सराफीणबाई, तुमच्या काट्यावर एकदा स्पंज ठेवून पाहाल का?

सराफकट्टा
यजमान गिऱ्हाइकात आहेत. काटा मोकळा झाला की स्पंज घेऊन बसते.