इथिलीन वाढतंय: कॉन्टॅक्ट की कोअर?

> "ट्रान्सफॉर्मरच्या तेलात इथिलीन ४०, मिथेन २५ पीपीएमने वाढलं, अ‍ॅसिटिलीन जवळपास नाही. टॅप चेंजरचा कॉन्टॅक्ट असेल का?"

असू शकतो, पण आधी कोअरच्या अर्थिंग पट्टीला क्लॅम्प मीटर लावा. बीकेसीसारख्या ऑफिसांच्या भागात रात्री लोड उतरतो, म्हणून दुपारी आणि रात्री दोनदा मोजा. कॉन्टॅक्ट तापत असेल तर गॅस लोडबरोबर वाढतो. कोअरमधला फ्लक्स मात्र व्होल्टेजवर चालतो, त्यामुळे दोन ठिकाणी अर्थ झालेल्या कोअरचा करंट रात्रीही तेवढाच राहतो.

एका अर्थिंगवर काही मिलिअँपिअर दिसतात. दुसरीकडे कोअर टाकीला टेकला की फ्लक्सभोवती बंद लूप होतो आणि करंट कित्येक अँपिअरवर जातो. टेकलेली जागा लालबुंद तापते, शेजारचं तेल फुटतं, इथिलीन निघतं. कागद जळत नसल्याने कार्बन मोनॉक्साइड फारसा वाढत नाही.

खात्रीसाठी शटडाउन घेऊन कोअरची अर्थिंग लिंक काढा आणि कोअर-टाकीमधला इन्सुलेशन रेझिस्टन्स मेगरने मोजा. तो शून्याजवळ आला तर कोअर दुसरीकडेही अर्थ झालेला आहेच. चालू ट्रान्सफॉर्मरची लिंक मात्र चुकूनही उघडू नका. तरंगता कोअर ठिणग्या मारतो, मग अ‍ॅसिटिलीनही येतं.