अनुभव धागा: मृत्युपत्र हाती आहे, मग ‘प्रोबेट’ कशाला?

मुलुंडकर
बाबा २०१५ मध्ये गेले. त्यांचं मृत्युपत्र कपाटात सापडलं: दोन पानं, त्यांच्या वळणदार अक्षरात, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. फ्लॅट आईच्या नावे आणि व्यवस्थापक म्हणून माझं नाव. सोसायटीत घेऊन गेले तर सेक्रेटरी म्हणाले, “प्रोबेट आणा.” मला वाटलं, तहसीलमध्ये मिळणारा एखादा दाखला असेल. तसं नव्हतं, मृत्युपत्र खरं असल्याचा तो कोर्टाचा आदेश निघाला. हायकोर्टात अर्ज करावा लागला आणि मूळ मृत्युपत्र तिथेच जमा करावं लागलं. तो कागद देताना आईने हात पटकन सोडला नाही. बाबांचं शेवटचं अक्षर होतं ते.

अर्जासोबत मालमत्तेची यादी, कर्जाची यादी आणि माझ्या दोन्ही भावांची ‘आम्हाला हरकत नाही’ अशी प्रतिज्ञापत्रं लागली. एक साक्षीदार वारले होते. दुसरे आमचे डॉक्टर. त्यांनी लिहून दिलं की बाबांनी आपल्यासमोर सही केली आणि तेव्हा ते पूर्ण भानावर होते. कोर्ट फी ७५,००० रुपये. अकरा महिन्यांनी शिक्का मारलेला आदेश मिळाला, सोबत मृत्युपत्राची प्रत जोडलेली. तुमच्या घरी काय झालं ते जरूर लिहा.

ठाणेकर काका
आम्हाला काहीच लागलं नाही. दादांचं मृत्युपत्र रजिस्टर केलेलं होतं. रजिस्टर असलं की प्रोबेटची गरज नसते, एवढं लक्षात ठेवा.

वकिलीतून निवृत्त
काका, तुम्हाला लागलं नाही हे खरं, पण कारण वेगळं. हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी प्रोबेटची सक्ती मुंबई आणि मद्रास हायकोर्टांच्या मूळ दिवाणी हद्दीपुरती आणि ब्रिटिश काळातल्या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अमलातल्या प्रदेशापुरती होती. मुलुंड त्या हद्दीत येतं, ठाणे येत नाही. दादांनी तेच मृत्युपत्र मुलुंडला राहत असताना केलं असतं, तर फ्लॅट ठाण्यात असूनही प्रश्न आला असता. रजिस्ट्रेशनने एवढंच दिसतं की अमुक दिवशी हा कागद निबंधकापुढे आला. प्रोबेट म्हणजे कोर्टाने तपासून सांगितलेलं असतं की हे मृत्युपत्र खरं आहे, रीतसर केलेलं आहे आणि त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाला त्याप्रमाणे वाटप करायचा अधिकार आहे. व्यवस्थापक नेमलेलाच नसेल तर प्रोबेट मिळत नाही. तेव्हा मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र मागावं लागतं.

गिरगावची सून
आमच्याकडे धाकट्या दिरांनी कोर्टात हरकतीचं कॅव्हेट घातलं. सासऱ्यांना शेवटच्या वर्षात विसरायला व्हायचं, सही त्यांची नाही, असं त्यांचं म्हणणं. झालं, साधा अर्ज होता त्याचा दावा झाला. साक्षीदार मावसोबांची उलटतपासणी झाली. त्या दिवशी घरात कोण कुठे बसलं होतं, पेन कुणाचं होतं, इथपर्यंत विचारलं. मावसोबांचं वय ८१. पाणी मागून घेत घेत उत्तरं दिली त्यांनी. अजून निकाल नाही.

मला एकच विचारायचं आहे. दीर म्हणतात, जागा मुळात आजोबांच्या पैशातली, सासऱ्यांची एकट्याची नव्हतीच. त्याचा निर्णय याच दाव्यात लागेल का?

वकिलीतून निवृत्त
नाही, आणि बहुतेकांचा इथेच गैरसमज होतो. प्रोबेटच्या कोर्टापुढे प्रश्न कागदाचा असतो, जागेच्या मालकीचा नाही. मृत्युपत्र खरं ठरलं तरी सासऱ्यांची जी होती तेवढीच मालमत्ता त्यातून जाते. मालकीसाठी दिरांना वेगळा दावा करावा लागेल. तुमच्या वकिलांना विचारून तयारी ठेवा.

फोंड्याहून
आमच्या गोव्यात मृत्युपत्र नोटरीपुढे होतं आणि वाटप इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायच्या कामात. मुलं असतील तर अर्ध्या मालमत्तेवर त्यांचा हक्क राखीव, तो भाग वडिलांनाही लिहून देता येत नाही. प्रोबेट हा शब्द मी मुंबईच्या चुलत भावाकडून पहिल्यांदा ऐकला.

नवीन सभासद
माझ्या आईच्या बँकेत मी नॉमिनी आहे. मग मला प्रोबेट लागेल का?

मुलुंडकर
नॉमिनीला बँक पैसे देते, पण ते वारसांसाठी सांभाळायला, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. आईचं मृत्युपत्र आहे का, ते आधी बघा. तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे.

वकिलीतून निवृत्त
आणखी एक सांगायचं राहिलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ वगळलं, त्यामुळे ही सक्ती गेली. प्रोबेट मागता मात्र अजूनही येतं. ज्या घरात गिरगावसारखा वाद आहे किंवा साक्षीदार थकलेले आहेत, तिथे मी आजही ते घ्यायला सांगेन. साक्षीदार हयात असताना त्याच्या तोंडून आलेली गोष्ट नंतर मिळत नाही.

मुलुंडकर
हे माहीत नव्हतं. पण आमच्या शेजारच्या विंगमध्ये गेल्याच महिन्यात एका ताईंना सोसायटीने प्रोबेटच मागितलं आहे. कलम गेल्याचं समितीला लेखी कळवून कुणाचं काम झालं असेल, तर कसं ते लिहा. त्या वाट बघतायत.